‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठी’ म्हणजे नेमके काय?

परदेशातील विद्यापीठांत समाजशास्त्र, मानववंशशास्त्र किंवा धर्माभ्यास शिकणारी आपली मुले-मुली आता आपल्याच विहारांवर आणि आपल्याच कुटुंबांवर लघुप्रबंध लिहू लागली आहेत. आपल्या समाजातील विद्यार्थ्याने परक्या भूमीवर बसून आपल्या समाजाविषयी लिहिणे ही परंपरा तशी जुनीच. बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरील आपला निबंध कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचला तो मे १९१६ मध्ये. परंतु आजच्या विद्यार्थ्याला त्या निबंधापेक्षा निराळे एक काम करावे लागते. त्याला जिवंत माणसांशी बोलावे लागते, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे लागते आणि त्यांची वाक्ये स्वतःच्या लेखनात अवतरणे म्हणून छापावी लागतात. विहाराविषयी लिहायचे तर पहिले नाव समोर येते ते भन्तेंचे, आणि म्हणून पहिले पत्रही त्यांनाच जाते.

अशी काही पत्रे गेल्या काही वर्षांत माझ्या वाचनात आली. त्यांत आदर भरपूर असतो, विद्यापीठाचे नाव ठळक असते, मार्गदर्शकाचा ईमेलही असतो. भन्ते जे बोलतील त्याचे पुढे काय होणार, या एकाच प्रश्नापाशी येऊन पत्र एका वाक्यात आटोपते : ‘आपली माहिती केवळ शैक्षणिक उपयोगासाठी वापरली जाईल.’ माझ्या मते मुलाखतीच्या विनंतिपत्रातील हे सर्वांत पोकळ वाक्य होय. ते काढून त्याच्या जागी एक पूर्ण परिच्छेद लिहिला पाहिजे, आणि तो परिच्छेद हीच खरी विनंती मानली पाहिजे. बाकीचे पत्र म्हणजे शिष्टाचार.

हे मी एका प्रत्यक्ष पत्राच्या आधारे मांडतो. इंग्लंडमध्येच जन्मलेली, मराठी अस्खलित बोलणारी परंतु लिहिताना अडखळणारी एक विद्यार्थिनी एका इंग्रजी विद्यापीठात एम.ए. करीत होती. आईवडील विदर्भातले. तिच्या अभ्यासाचा प्रश्न असा होता की, इथे जन्मलेल्या मुलांना बौद्ध पालक ‘जात’ म्हणजे काय हे केव्हा आणि कसे सांगतात, आणि त्यात विहाराचा काही वाटा असतो का. मुलांचा धम्मवर्ग घेणारे एक मराठी भाषक भन्ते तिला भेटायचे होते. पत्राचा मसुदा तिने मला वाचायला दिला. मी पेशाने संगणक अभियंता. समाजशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण मराठी तपासण्यासाठी म्हणून आलेला मसुदा वाचताना मराठीपेक्षा इतर गोष्टींवरच आमचे अधिक बोलणे झाले.

मसुद्यातील पहिली अडचण विद्यापीठाच्या ठरावीक नमुन्यातून आलेली होती. ‘आपली या संशोधनात सहभागी म्हणून निवड करण्यात आली आहे’, असे पहिलेच वाक्य. ज्या पुरुषाला आपण पंचांग वंदन करतो त्याची ‘निवड करण्यात आली आहे’ म्हणणे कानाला खटकते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते खोटे आहे. भन्ते निवडले गेले नव्हते. ते मुलांना शिकवतात म्हणून त्यांच्याकडून काही कळावे, अशी तिची इच्छा होती. पत्रात तेवढेच लिहायचे.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. विषय म्हणून तिने लिहिले होते, ‘ब्रिटनमधील बौद्ध संस्कृतीचा अभ्यास’. उत्तर देणाऱ्याने आपल्याला हवे तसे बोलू नये म्हणून विषय थोडा व्यापक ठेवावा, असा मार्गदर्शकाचा सल्ला होता. त्या सल्ल्यात तथ्य आहे. आपले गृहीतक पत्रात सांगून टाकले, तर समोरचा माणूस त्या गृहीतकालाच उत्तरे देऊ लागतो. परंतु व्यापक विषय आणि दिशाभूल करणारा विषय यांत फरक आहे. संस्कृतीविषयी बोलायला बसलेल्या भन्तेंना दहाव्या मिनिटाला जातीविषयी प्रश्न आला, तर ते सौजन्याने उत्तर देतील. पण त्या उत्तराला त्यांची संमती होती, असे म्हणता येणार नाही. शेवटी पत्रात असे आले :

‘येथे वाढणाऱ्या बौद्ध मुलांना जातीविषयी कोण, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगते, हे मला समजून घ्यावयाचे आहे. आपण धम्मवर्गात मुलांच्या प्रश्नांना कशी उत्तरे देता, याविषयी मी विचारू इच्छिते. हा अभ्यास माझ्या एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी असून त्यावर मला पदवी मिळणार आहे. विहाराचे किंवा कोणत्याही संघटनेचे मूल्यमापन करणे हा त्याचा हेतू नाही.’

यात प्रश्न सांगितला आहे, तिला अपेक्षित असलेले उत्तर मात्र सांगितलेले नाही. ‘त्यावर मला पदवी मिळणार आहे’ हे वाक्य तिला अगोदर संकोचाचे वाटले. मला ते आवश्यक वाटते. समाजसेवेच्या भाषेत झाकलेला शैक्षणिक हेतू पुढे उघड होतो तेव्हा माणसे दुखावतात; आरंभीच सांगितलेल्या हेतूविषयी कोणाचीही तक्रार नसते.

आता अवतरणांविषयी. ‘केवळ शैक्षणिक उपयोग’ म्हटले की भन्तेंच्या डोळ्यांसमोर एक प्राध्यापक आणि एक बंद कपाट येत असेल. वस्तुस्थिती निराळी असते. लघुप्रबंध परीक्षक वाचतात. नंतर अनेक विद्यापीठे तो आपल्या संगणकीय ग्रंथसंग्रहात ठेवतात आणि तिथून तो कोणालाही उतरवून घेता येतो. विद्यार्थिनीला चांगले गुण मिळाले की मार्गदर्शक म्हणतात, एका प्रकरणाचा शोधनिबंध करा. शोधनिबंध परिषदेत वाचला जातो, तेथे भन्तेंचे वाक्य पडद्यावर झळकते, कोणी त्याचे छायाचित्र घेतो. यांतील प्रत्येक उपयोग ‘शैक्षणिक’च आहे!

आणि ब्रिटनमध्ये जात हा निव्वळ अभ्यासाचा विषय राहिलेला नाही. समता कायदा २०१० मध्ये जातीचा समावेश करण्याचा अधिकार सरकारला दिला गेला, २०१३ मध्ये संसदेने ते सरकारचे कर्तव्य ठरविले, आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने असा समावेश न करण्याचा निर्णय जाहीर करून प्रश्न न्यायालयांवर सोपविला. या वादात दोन्ही बाजू पुरावे शोधत असतात. समजा, भन्ते म्हणाले, ‘इथल्या मुलांना जात माहीत नाही, कारण आईबाप सांगत नाहीत, मग एक दिवस वर्गातला मित्रच आडनाव विचारतो.’ या वाक्याचा पहिला तुकडा घेतला, तर ब्रिटनमध्ये जात नाही असे म्हणणाऱ्याला एका बौद्ध धर्मगुरूची साक्ष मिळते. उरलेल्या तुकड्याचा अर्थ नेमका उलटा आहे. वाक्य मोडणारा माणूस खोटारडाच असतो असे नव्हे. शब्दमर्यादा सांभाळताना तीन टिंबे देऊन पुढे जाणारा विद्यार्थीही तेच करून बसतो.

म्हणून त्या एका वाक्याच्या जागी पुढील परिच्छेद आला. तो मी तिच्या अनुमतीने जसाच्या तसा देतो :

‘आपल्या बोलण्यातील काही वाक्ये मी आपल्याच शब्दांत अवतरणे म्हणून घेईन. लघुप्रबंध परीक्षक वाचतील आणि त्यानंतर तो विद्यापीठाच्या संगणकीय ग्रंथसंग्रहात कोणालाही वाचता येईल अशा रीतीने राहील. याखेरीज परिषदेत, नियतकालिकात किंवा आपल्या समाजाच्या प्रकाशनात ही वाक्ये वापरावयाची झाल्यास त्या प्रत्येक वेळी मी नव्याने परवानगी मागेन. निवडलेली अवतरणे, प्रत्येकाच्या आधीचा माझा प्रश्न आणि इंग्रजी भाषांतर मी आपणांस ७ जुलैपर्यंत पाठवीन. ऐकण्यातील, तपशिलातील अथवा भाषांतरातील चूक आपण दाखविल्यास ती दुरुस्त करीन. एखादे वाक्य छापले जाऊ नये असे वाटल्यास ३१ जुलैपर्यंत कळवावे. कारण न विचारता मी ते वगळीन. त्यानंतर बदल करणे मला शक्य होणार नाही. अवतरणांवरून काढलेले निष्कर्ष मात्र माझे असतील. ते आपणांस मान्य नसल्यास आपला मतभेद आपल्याच शब्दांत तळटीप म्हणून देईन.’

यातील तारखांविषयी थोडे सांगतो. विद्यापीठाच्या नमुन्यात ‘आपण केव्हाही माघार घेऊ शकता’ असे होते. ऐकायला हे उदार वाटते, पण ते पाळता येत नाही. सप्टेंबरमध्ये सादर झालेल्या आणि संग्रहात गेलेल्या प्रबंधातून डिसेंबरमध्ये वाक्य कसे काढणार? जे वचन पाळणे शक्य नाही ते लिहू नये. मुलाखत जूनच्या तिसऱ्या आठवड्यात धरली होती. एका तासाचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात. मराठी, पाली आणि इंग्रजी मिसळलेले असले तर अधिकच. त्यावरून ७ जुलै ही तारीख निघाली, आणि वाचून विचार करायला भन्तेंना तीन आठवड्यांहून अधिक वेळ मिळाला.

परिच्छेदाच्या शेवटच्या दोन वाक्यांवर आमच्या ओळखीतल्या एका ज्येष्ठ उपासकांनी आक्षेप घेतला. भन्तेंचे शब्द घ्यायचे आणि निष्कर्ष मात्र माझे म्हणायचे, हा उद्धटपणा झाला. पूर्ण प्रबंध विहाराच्या समितीला दाखवून संमत करून घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. या भूमिकेमागची वेदना मला समजते. आपल्याविषयी इतरांनी लिहिले, आपल्याला न विचारता लिहिले, आणि ‘निओ-बुद्धिस्ट’सारखी नावे आपल्याला चिकटवली. परंतु त्यावर उपाय म्हणून समितीच्या शिक्क्याचे संशोधन आणले, तर आपल्या मुलीने लिहिलेल्या शब्दाला परीक्षकांसमोर काहीच वजन उरणार नाही. स्वतःच्या शब्दांवर भन्तेंचा अधिकार, स्वतःच्या अनुमानांवर तिचा अधिकार, ही सीमा पत्रातच आखली पाहिजे. नंतर आखायला गेले तर ती भांडणात आखली जाते.

भाषांतराची तपासणी ही केवळ औपचारिकता नाही. आपण ‘समाज’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपला समाज, आपली माणसे, असे म्हणत असतो. ‘समाजाने मुलांशी मोकळे बोलले पाहिजे’ या वाक्यातील ‘समाज’ इंग्रजीत ‘सोसायटी’ झाला, की आत्मपरीक्षणाचे वाक्य ब्रिटिश समाजावरील टीका होऊन बसते. ‘वंदना’चे ‘वर्शिप’ आणि ‘दीक्षा’चे ‘कन्व्हर्शन’ होते, ते वेगळेच. तिने पत्रात आणखी एक ओळ घातली : आपण स्वतःसाठी व समाजासाठी जो शब्द वापराल तोच अवतरणात राहील आणि भाषांतराखाली मूळ मराठी वाक्यही छापले जाईल. मराठी वाक्य छापण्यास परीक्षकांची हरकत नसते. बहुधा कोणी ते मागत नाही, इतकेच.

नावाचा प्रश्न अवघड होता. नमुन्यात ‘आपली ओळख गुप्त राहील’ असे सरसकट वचन होते. ब्रिटनमध्ये मराठी भाषक भिक्खू मोजकेच. ‘मिडलंड्समधील एक ज्येष्ठ मराठी भिक्खू’ असे लिहिले, की आपल्यातील प्रत्येकाला नाव कळते. न कळण्याचे सोंग फक्त परीक्षक करू शकतात. शिवाय भन्तेंची प्रवचने यूट्यूबवर असतात. मुलाखतीत आलेला एखादा आवडता दृष्टान्त प्रवचनातही असतो आणि शोधणाऱ्याला तो मिनिटभरात सापडतो. म्हणून पत्रात दोन पर्याय दिले. एक तर नाव छापावे. किंवा नाव व गाव दोन्ही वगळावे, पण तसे केले तरी ओळखीचे लोक ओळखतील याची कल्पना द्यावी. सार्वजनिक व्यक्तीला तिच्या नावाचे श्रेय नाकारणे हाही एक अन्यायच आहे, हे आपण विसरतो.

भन्तेंचे नाव छापायला त्यांची संमती पुरेशी आहे. ज्यांच्याविषयी ते बोलतील, त्यांच्या संमतीचे काय? कोणाची मुलगी शाळेतून रडत आली, कोणत्या घरात लग्नाच्या वेळी जात निघाली, हे लोक भन्तेंना विश्वासाने सांगतात, आणि चांगला वक्ता उदाहरणाशिवाय बोलत नाही. श्रद्धा आणि वंश यांविषयीची माहिती ब्रिटनच्या माहिती-संरक्षण कायद्यात विशेष काळजीच्या वर्गात मोडते. पण कायदा नसता तरी पन्नास-साठ कुटुंबांच्या विहारात अशी एक गोष्ट छापली जाणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. पत्रात तिने स्पष्ट केले की, इतर कुटुंबांचे प्रसंग ती विचारणार नाही आणि ओघात आलेच तर ते उतरविताना गाळील.

काही गोष्टी विद्यापीठाला ठाऊक नसतात, त्या तिने आपण होऊन लिहिल्या. विनयानुसार भिक्खू स्त्रीबरोबर एकान्तात बसत नाहीत. म्हणून दार उघडे राहील आणि तिचा भाऊ शेजारच्या खोलीत असेल. भोजन मध्यान्हापूर्वी होते; म्हणून वेळ दुपारी दोननंतरची. सहभागाबद्दल व्हाउचर देण्याची विद्यापीठाची पद्धत आहे. भिक्खूंना पैसे स्वीकारता येत नाहीत, म्हणून ती ओळच काढली. आणि भन्तेंच्या स्वतःच्या ध्यानातील उपलब्धींविषयी एक प्रश्न यादीत होता, तोही गेला. खरी असलेली उपलब्धीदेखील उपसंपदा न घेतलेल्या माणसाला सांगणे विनयात निषिद्ध आहे. असा प्रश्न विचारणे म्हणजे त्यांना नियम मोडायला सांगणे किंवा गप्प बसवणे.

गप्प बसण्यावरून एक गंमत सांगितली पाहिजे. भगवंतांनी उपासकाचे निमंत्रण मौनाने स्वीकारले, असे त्रिपिटकात वारंवार येते. संघातही प्रस्ताव मांडला जातो आणि ज्यांना मान्य आहे ते मौन राहतात. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भिक्खुसंघाच्या ज्या संसदीय कार्यपद्धतीचा उल्लेख केला, तिचाच हा भाग. तेव्हा पत्र मिळाल्यावर भन्ते काहीच बोलले नाहीत, तर त्यांच्या परंपरेत ती संमती ठरू शकते. विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीच्या लेखी मात्र तो नकार असतो. त्यामुळे पत्रात हे लिहावे लागले : ‘आपल्या मौनाचा अर्थ मी जाणते, तथापि विद्यापीठाच्या नियमानुसार आपली स्वाक्षरी, अथवा ध्वनिमुद्रणाच्या आरंभी उच्चारलेली संमती, मला आवश्यक आहे.’ हेही सांगून ठेवतो की, कमिटीची मान्यता हाती येण्यापूर्वी असे पत्र पाठवू नये. आधी घेतलेली मुलाखत कितीही उत्तम असली तरी ती वापरता येत नाही.

माझ्या पेशाशी संबंधित एकच सूचना मी केली. ‘ध्वनिमुद्रण नष्ट केले जाईल’ असे तिने लिहिले होते, आणि ध्वनिमुद्रण ती फोनवर करणार होती. फोनमधील ध्वनिफीत आपोआप कुठल्यातरी क्लाउडवर जाते. फोनवरून पुसली तरी तिथली प्रत राहू शकते. तिने विद्यापीठाकडून वेगळे ध्वनिमुद्रक यंत्र घेतले, आणि पत्रात ‘पदवीचा निकाल लागल्यावर विद्यापीठाच्या संगणकावरील प्रत पुसण्यात येईल’ एवढेच लिहिले.

सगळे पत्र मिळून एक पान झाले. आरंभी ‘पूज्य भन्ते, सविनय वंदामि’, शेवटी ‘आपली विनम्र’. माहितीपत्रक व संमतिपत्र सोबत जोडले. दहा दिवसांनी भन्तेंचा फोन आला. नाव छापण्यास त्यांनी होकार दिला आणि इंग्रजीत ‘मंक’ऐवजी ‘भिक्खू’ हाच शब्द ठेवावा असे सुचविले. मुलाखत सव्वा तास चालली. ७ जुलैला तिने अकरा अवतरणे पाठविली. भन्तेंनी दोन ठिकाणी भाषांतर सुधारले, त्यांपैकी एक ‘समाज’ हाच शब्द होता. आणि एक वाक्य त्यांनी मागे घेतले. ते कोणते, हे तिने मलाही सांगितलेले नाही.